प्रबंधातील साधनविचार : खानदेशच्या भिल्लांचे एक उदाहरण



इतिहासाच्या प्रबंधात आरंभी एक प्रकरण असते. त्याला कोणी ‘संशोधनपद्धती’ म्हणतात, कोणी ‘साधनविचार’ म्हणतात. बहुतेक वाचक ते ओलांडून पुढे जातात आणि लिहिणारेही बहुधा ते उरकून टाकतात. जळगावच्या विद्यापीठाला सादर झालेले असोत वा पुण्याच्या, पुष्कळ प्रबंधांत हे प्रकरण एकाच साच्यातले सापडते. ‘प्रस्तुत संशोधनासाठी ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे, प्राथमिक व दुय्यम अशी दोन्ही प्रकारची साधने वापरली आहेत, निरनिराळ्या ग्रंथालयांना भेटी दिल्या आहेत.’ या तीन वाक्यांत खोटे काही नाही. पण ती शिवकालावरच्या प्रबंधात बसतात, तशीच अमळनेरच्या गिरणीवरच्या प्रबंधातही बसतात. जे वाक्य कुठेही बसते ते या प्रकरणात नसलेलेच बरे.

या प्रकरणाचे काम खरे पाहता न्यायालयातल्या उलटतपासणीचे आहे. मी या विषयावर अमुक साक्षीदार का बोलावले, अमुक का बोलावले नाहीत, आणि जे बोलावले त्यांच्या शब्दावर कुठपर्यंत विश्वास ठेवला, हे वाचकाला आधीच सांगून टाकायचे. ते कसे सांगायचे हे मोघम बोलून कळणार नाही, म्हणून आपल्याच मुलखातला एक विषय घेऊ. समजा, आपल्या गावचा एक विद्यार्थी ‘खानदेशातील भिल्ल आणि इंग्रजी अंमलाचा आरंभ, १८१८ ते १८३०’ असा प्रबंध लिहितो आहे. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल या बाजूची मुले आता स्वतः असे प्रबंध लिहू लागली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या दृष्टीने हा घरचा प्रश्न आहे. त्यांच्या पूर्वजांना शंभर-दीडशे वर्षांच्या छापील पुस्तकांनी लुटारू म्हटले आहे. ते लुटारू होते की हक्कदार होते, याचा निर्णय पुष्कळसा या ‘उरकून टाकलेल्या’ प्रकरणातच लागत असतो.

पहिली गोष्ट म्हणजे विषयाची हद्द. ‘खानदेश’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जळगाव, धुळे आणि १९९८ साली वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे येतात. १८१८ सालचा खानदेश याहून मोठा होता. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे तालुके १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेले. पूर्व आणि पश्चिम असे दोन खानदेश झाले ते १९०६ साली. विद्यार्थ्याने आजचा नकाशा पुढे ठेवून कागद शोधले, तर सातमाळ्याच्या पश्चिमेकडचे निम्मे भिल्ल त्याच्या प्रबंधातून नकळत गळतील. शिवाय अजिंठ्याच्या डोंगराची दक्षिण उतरण निजामाच्या राज्यात होती. भिल्लाला ती हद्द नव्हती, कागदाला मात्र होती. टोळी घाट उतरून पलीकडे गेली की इंग्रजी पत्रव्यवहारातून ती दिसेनाशी होते. ती नाहीशी झाली असे नव्हे. लिहिणाऱ्याचा अधिकार संपला, एवढेच. तेव्हा हद्द कोणती धरली आणि त्या हद्दीमुळे काय दिसणार नाही, ही या प्रकरणाची पहिली दोन वाक्ये.

आता साधने. मराठी माणसाला साधनविचार शिकवला तो इतिहासाचार्य राजवाड्यांनी, आणि त्यांचा देह १९२६ च्या शेवटच्या दिवशी याच धुळ्यात पडला. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींची जी झाडाझडती घेतली, तिने आपल्याकडे एक दंडक घालून दिला : मागाहून रचलेल्या बखरीपेक्षा त्या वेळी लिहिलेले अस्सल पत्र श्रेष्ठ. हा दंडक उत्तम आहे. पण भिल्लांच्या विषयात तो अपुरा पडतो, आणि हे विद्यार्थ्याने धीटपणे लिहिले पाहिजे. कारण अस्सलपणा निराळा आणि खरेपणा निराळा. एखाद्या ठाणेदाराचे पत्र शंभर टक्के अस्सल असेल. कागद त्या काळचा, अक्षर त्या काळचे, शिक्का खरा. तरी त्यात भिल्लांविषयी जे लिहिले आहे ते भिल्लांच्या मागे घोडेस्वार घेऊन लागलेल्या माणसाने लिहिले आहे. पानिपतच्या पत्रांत लिहिणारे आणि ज्यांच्याविषयी लिहिले ते, दोघेही लिहिते-वाचते होते, म्हणून एका बाजूचे पत्र दुसऱ्या बाजूच्या पत्रावर घासून पाहता येते. इथे दुसऱ्या बाजूचे पत्रच नाही.

मग कोणते साक्षीदार बोलवायचे? चार प्रकारचे मिळतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाची खोड वेगळी आहे.

पहिले पुण्याचे पेशवे दप्तर. मोडीतले हिशोब, ताळेबंद, सनदा यांचे हजारो रुमाल तिथे आहेत. विद्यार्थी सांगतो, मी पेशवे दप्तर निवडले, कारण इंग्रज येण्यापूर्वी भिल्ल काय करीत होते हे इंग्रजांच्या तोंडून ऐकायचे नव्हते. हे कारण रास्त आहे. गावच्या खर्चात जागल्याचा हक्क, घाटाच्या राखणीबद्दल नाईकाला द्यायची रक्कम, अशा नोंदींवरून भिल्ल हा गावाच्या व्यवस्थेतला एक नेमलेला माणूस होता हे दिसते. गावात चोरी झाली तर माग काढायची जबाबदारी त्याचीच असे. पण मर्यादाही तितकीच मोठी आहे. खानदेशचे परगणे एकट्या पेशव्यांचे नव्हते. शिंदे आणि होळकर यांच्याकडेही त्यांतले कित्येक होते. त्या परगण्यांचा हिशोब पुण्यात कसा सापडेल? तेव्हा ‘पेशवे दप्तरात अमुक परगण्यात भिल्लांचा हक्क आढळत नाही’ या वाक्याचा अर्थ हक्क नव्हता असा होत नाही. आणि दुसरे असे की, जमाखर्चात माणूस दिसतो तो खर्चाच्या बाजूने. त्याला दिले तर तो दिसतो, त्याच्यावर शिबंदी पाठवली तरी दिसतो. एरवी तो वर्षानुवर्षे दिसत नाही.

इथे कालगणनेची एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तिथे चांगली चांगली माणसे घसरतात. या कागदांवर साल असते ते अरबी शब्दांत. ‘अर्बा मयातैन व अलफ’ म्हणजे चार, दोनशे आणि हजार. मिळून सुहूर सन १२०४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १८०३ येते. पण हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होते आणि पुढच्या जूनपर्यंत चालते. त्यामुळे त्या सालातला पौष-माघातला कागद १८०४ चा ठरतो. हे एक वर्षाचे अंतर क्षुल्लक वाटेल. पण १८०३-०४ हेच खानदेशातल्या भयंकर दुष्काळाचे साल आहे. होळकरांच्या फौजेने मुलूख तुडवला होता आणि त्यावर दुष्काळ पडला. एखाद्या नाईकाचे बंड दुष्काळाआधीचे की नंतरचे, यावर सगळा अर्थ फिरतो. आधीचे असेल तर दुष्काळ हे कारण सांगता येत नाही. म्हणून आपण सालाचे रूपांतर कसे केले, हे या प्रकरणात एका वाक्यात नोंदवलेच पाहिजे.

दुसरा साक्षीदार इंग्रज अधिकारी. १८१८ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा खानदेशचा पोलिटिकल एजंट झाला. त्याच्यावर पुण्यास कमिशनर एल्फिन्स्टन. या दोघांचा पत्रव्यवहार, पुढे १८२५ पासून भिल्ल एजंटांचे अहवाल, धरणगावास जेम्स औट्रमने उभारलेल्या भिल्ल पलटणीचे कागद, हे पुणे आणि मुंबई येथील पुराभिलेखागारांत आणि लंडनलाही आहेत. या कागदांची निवड करण्याचे कारण उघड आहे : तारीखवार, गावांची नावे देऊन, इतक्या सलग रीतीने दुसऱ्या कोणी लिहिलेच नाही. पण हे पत्र कशासाठी लिहिले आहे हे प्रत्येक वेळी विचारावे लागते. नवा अधिकारी वरिष्ठांकडे माणसे आणि पैसे मागतो, तेव्हा बंडाळी जितकी मोठी दिसेल तितके बरे. तोच अधिकारी दोन वर्षांनी कामाचा हिशोब देतो, तेव्हा मुलूख जितका शांत दिसेल तितके बरे. दोन्ही पत्रे एकाच माणसाची आणि दोन्ही अस्सल. या दोन पत्रांतल्या फरकाला मुलखातला फरक समजणे, ही या विषयातली नेहमीची चूक.

शब्दांचेही तसेच. नाईकाने गावाकडून आपला ठरलेला हक्क जबरीने वसूल केला, तर त्याच्या दृष्टीने ती वसुली. अधिकाऱ्याच्या कागदात तो दरोडा. ब्रिग्जने कित्येक नाईकांना पुढे तनखे बांधून दिले, म्हणजे त्या ‘दरोड्या’मागे हक्कासारखे काहीतरी होते हे सरकारनेही एका परीने मान्यच केले. प्रबंधात ‘दरोडा’ हा शब्द वापरताना तो कागदातला शब्द आहे की लेखकाचा स्वतःचा, हे वाचकाला कळले पाहिजे. आपण कोणता शब्द कोणत्या अर्थाने घेणार, हे सांगण्याची जागा हेच प्रकरण. खटल्यांच्या कागदांत क्वचित भिल्लाची जबानी सापडते आणि विद्यार्थ्याला वाटते, अखेर मूळ आवाज ऐकू आला. तो आनंद जरा आवरावा. भिल्ल आपल्या बोलीत बोलला, कारकुनाने ते मराठीत उतरवले, मग त्याचा इंग्रजी सारांश झाला. आणि बोलणाऱ्याच्या पायांत बेडी होती.

तिसरा साक्षीदार छापील ग्रंथ, आणि सर्वांत अधिक घोटाळा याच्याबाबतीत होतो. १८८० साली खानदेशचे गॅझेटियर निघाले. आपल्याकडे ते इतके सोयीचे पुस्तक आहे की पुष्कळांचा इतिहास तिथे सुरू होऊन तिथेच संपतो. त्यापूर्वी भिल्ल पलटणीवरचा अधिकारी कॅप्टन ग्रॅहॅम याने खानदेशच्या भिल्लांवर एक टिपण १८४३ साली लिहिले. ते सरकारी कागदपत्रांच्या निवडीत १८५६ साली छापले गेले. पुढे १९१२ साली सिमकॉक्सने भिल्ल पलटणीचा इतिहास प्रसिद्ध केला. विद्यार्थी लिहितो : ‘ग्रॅहॅम व गॅझेटियर या दोन्हींत हाच मजकूर असल्याने तो विश्वसनीय आहे.’ पण गॅझेटियरची तळटीप पाहावी. भिल्लांच्या प्रकरणात त्याने ग्रॅहॅमचाच आधार घेतला आहे. म्हणजे साक्षीदार दोन नव्हेत, एकच. दुसरा फक्त त्याचे बोलणे मोठ्याने सांगतो. आणि तो एक साक्षीदारसुद्धा १८१८ ची हकीकत पंचवीस वर्षांनी, पलटणीच्या यशानंतर, त्या पलटणीचा अंमलदार म्हणून सांगत होता. जिथे तो आपल्या डोळ्यांदेखतचे लिहितो तिथे त्याला मानावे. जिथे तो आधीच्या काळाविषयी बोलतो तिथे तो बखरकारच समजावा. इंग्रजीतली बखर म्हणजे बखर नव्हे, असा काहींचा समज असतो.

याचे एकच उदाहरण तपशिलाने पाहू. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत दुसऱ्या बाजीरावाच्या काळची एक हकीकत आहे. भिल्लांचा बंदोबस्त करण्यासाठी त्रिंबकजी डेंगळ्याने नारोबा टाकीत या पाटलाला घोडदळ आणि पायदळ देऊन पाठवले. त्याने गोदाकाठच्या बाजूला भिल्ल दिसेल तिथे कापला, आणि पंधरा महिन्यांत पंधरा हजार माणसे मारली गेली, असे म्हणतात. हा आकडा आजही लेखांतून आणि भाषणांतून फिरत असतो. प्रबंधात तो घ्यावा की नाही?

प्रथम पाहावे की मूळ वाक्य ‘असे म्हणतात’ या धर्तीचे आहे. पुढच्या लेखकांनी आकडा उचलला आणि ‘म्हणतात’ गाळले. अफवेचा इतिहास होतो तो या एका शब्दाच्या गळतीने. दुसरे, मोजले कोणी? मारणाऱ्याने मोजले असतील तर त्याला मर्दुमकी दाखवायची होती. मरणाऱ्यांकडे मोजदाद ठेवणारा नव्हता. तिसरे, पंधरा महिने आणि पंधरा हजार, म्हणजे दरमहा बरोबर एक हजार. असा आकडा मोजून आलेला नसतो, बोलण्यातून आलेला असतो. चौथे, हे छापणाऱ्या सरकारला आपल्या आधीचे राज्य क्रूर होते हे दिसणे गैरसोयीचे नव्हते. पाचवे, ही कत्तल मुख्यतः गोदावरीच्या खोऱ्यातली सांगितली आहे. खानदेशावरच्या प्रबंधात ती आपल्या जिल्ह्याची म्हणून घालणे बरोबर नाही.

पण एवढे झाल्यावर ‘म्हणजे कत्तल झालीच नाही’ असे म्हणायला जे उत्सुक असतात, त्यांनाही थांबवले पाहिजे. आपल्या पेशवाईविषयी वाईट ऐकले की आपल्यापैकी कित्येकांची चिकित्सक बुद्धी एकदम तल्लख होते, आणि इंग्रजांविषयी वाईट ऐकले की तीच बुद्धी डुलकी घेते. आकडा मोडला म्हणून घटना मोडत नाही. आकड्याच्या खरेपणाला पुरावा हवा तसा घटनेच्या खोटेपणालाही हवा. विद्यार्थ्याने पेशवे दप्तरात त्या वर्षांतला या मोहिमेच्या शिबंदीचा खर्च, बक्षिसे, जखमींची नोंद शोधावी. सापडली तर मोहीम आणि तिचा आवाका, निदान सरकारी बाजूचा, कळेल. न सापडली तर तेही लिहावे, आणि कोणते रुमाल पाहून सापडली नाही ते लिहावे. मग प्रबंधात वाक्य येईल ते असे : ‘त्रिंबकजीच्या काळात भिल्लांवर कत्तलीची मोहीम झाली असे उत्तरकालीन इंग्रजी साधने सांगतात, मृतांची संख्या सिद्ध करण्यास समकालीन आधार मला मिळालेला नाही, म्हणून या प्रबंधातील कोणताही निष्कर्ष त्या संख्येवर उभा केलेला नाही.’ शेवटचा खंड महत्त्वाचा. साधनाची मर्यादा सांगायची आणि पुढे पाचव्या प्रकरणात त्याच आकड्यावर अनुमान बांधायचे, असे पुष्कळ ठिकाणी होते. परीक्षकाने पहिले प्रकरण वाचून झाल्यावर एकदम पाचवे उघडावे. लबाडी असेल तर तिथे सापडते.

चौथा साक्षीदार म्हणजे स्थानिक कागद आणि लोकांच्या तोंडची परंपरा. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात खानदेशातले कागद आहेत, हे आपल्याला भूषण आहे. पण हे संग्रह जमले कसे, याचा विचार करावा. घराण्यांनी जे जपले आणि दिले तेच तिथे आले. कागद कोण जपतो? ज्याला त्याचा उपयोग असतो तो. १८५२ च्या सुमारास इनाम कमिशनने सनदा दाखवायला लावल्या, तेव्हा देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या माळ्यावरचे रुमाल सोन्याच्या मोलाचे झाले. वतनाचे कागद वाचले याचे कारण वतनाची भांडणे वाचली. भिल्ल जागल्याचा हक्क होता तो गावाच्या रिवाजावर. त्याच्या झोपडीत रुमाल नव्हता. तेव्हा स्थानिक संग्रह ‘स्थानिक’ असला तरी गावातल्या एका थराचा आहे, हे प्रबंधात स्पष्ट म्हणावे.

राहिली गाणी आणि आठवणी. सातपुड्यात रात्र रात्र चालणारी गाणी आहेत, घाटांची आणि नाईकांची नावे आहेत. काही मार्गदर्शक ती सगळी बाद ठरवतात, काही उत्साही लोक सगळी खरी धरतात. गाण्याला तारीख विचारू नये. ते सांगणार नाही. पण हा घाट आमच्या राखणीत होता, या गावाकडून आम्हाला इतके धान्य मिळे, ही आठवण हक्काची आठवण असते, आणि ती जमाखर्चातल्या नोंदीशी ताडून पाहता येते. दोन्ही जुळल्या तर फार मोठा पुरावा हाती आला, कारण या दोघांनी एकमेकांचे ऐकलेले नाही. ग्रॅहॅम आणि गॅझेटियर जुळले त्याहून याची किंमत अधिक. मात्र गाणारा कोण, गाव कोणते, कोणत्या वर्षी ऐकले, बोली कोणती, मराठी कोणी केले, हे टिपून ठेवावे. सांगणाऱ्याने नाव छापू नये म्हटले तर छापू नये. आणि त्याने लहानपणी शाळेच्या पुस्तकात औट्रमची गोष्ट वाचली आहे काय, हेही विचारून घ्यावे. छापलेले पुस्तक पन्नास वर्षांत आजोबांची आठवण होऊन परत येते.

हे प्रकरण प्रबंधात पहिले किंवा दुसरे असले तरी लिहावे सर्वांत शेवटी. कोणता साक्षीदार कुठे फुटला हे सारा प्रबंध लिहून झाल्याखेरीज कळत नाही. मात्र त्याची टाचणे पहिल्या दिवसापासून ठेवावी लागतात : कोणते रुमाल मागवले, कोणते मिळाले, कोणते जीर्ण म्हणून मिळाले नाहीत, कोणते उघडले आणि त्यात काही निघाले नाही. न निघालेल्यांची यादी बहुतेक जण फेकून देतात. ‘आढळत नाही’ हे वाक्य लिहिण्याचा अधिकार फक्त त्याच यादीने मिळतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी जुने मोडी कागद असतील तर त्यांच्यासाठीही एक सांगायचे आहे. ते मंडळाला किंवा विद्यापीठाला देताना नीट लावण्याच्या भरात रुमाल सोडून सालवार गठ्ठे करू नयेत. कोणता कागद कोणत्या कागदाबरोबर बांधलेला होता, हीच कधी कधी मुख्य साक्ष असते. जागल्याच्या हक्काची चिठ्ठी जमीनमहसुलाच्या हिशोबात बांधलेली निघाली तर एक अर्थ, फौजदारी तक्रारींत निघाली तर अगदी दुसरा. गाव, घर आणि कागद कुठे ठेवलेले होते ते एका चिठ्ठीवर लिहून, त्यावर तारीख घालून, रुमाल होता तसाच बांधून द्यावा.